तांब्याच्या खाणीतलं सोनं: भाव चढला तरी पुरवठा लगेच का वाढत नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोन्याचा भाव नवा उच्चांक गाठतो त्या आठवड्यात मला एकाच वळणाचे प्रश्न येतात. मी काही वर्षं तांब्याच्या स्मेल्टरमधल्या, म्हणजे तांबं वितळवून काढणाऱ्या कारखान्यातल्या, परीक्षण प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे ओळखीतले लोक आणि वाचक हे प्रश्न माझ्याकडे पाठवतात. तेच इथे क्रमाने लावले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, अपवाद आणि अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकाच खाणीचं घेतलं आहे: इंडोनेशियाच्या मध्य पापुआ प्रांतातली ग्रासबर्ग. जगातल्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणींत तिची गणना होते, आणि सर्वांत मोठ्या सोन्याच्या साठ्यांपैकी एक साठाही तिथेच आहे.

१. सोन्याला एवढा भाव आहे, मग खाणी जास्त सोनं का काढत नाहीत?

कोणतीही खाण एका रात्रीत वाढत नाही, हे झालं सर्वसाधारण उत्तर. पण सोन्याचा एक हिस्सा असा आहे की त्याच्या बाबतीत प्रश्न निव्वळ वेळेचा नसतो. हे सोनं तांब्याच्या खाणीतून, तांब्याबरोबर येतं. किती दगड खणायचा, कुठला आधी खणायचा, नवी खाण कधी उघडायची, हे तिथे तांब्याचा हिशोब बघून ठरतं. सोन्याचा भाव त्या बैठकीला हजर असतो, पण निर्णय बहुधा त्याच्या हातात नसतो. दगड तांब्यासाठी वर येतो आणि त्यात जेवढं सोनं असेल तेवढंच मिळतं.

आपल्याकडच्या साखर कारखान्याचं बघा. मळीचा भाव दुप्पट झाला म्हणून कारखाना जास्त ऊस गाळत नाही. गाळप ठरतं ते ऊस किती उभा आहे, साखरेला काय भाव आहे आणि कारखान्याची रोजची क्षमता किती, यावर. मळी त्या मागोमाग येते. हे उदाहरण पुढे प्रश्न ५ मध्ये पुन्हा येईल, कारण त्यात एक बारकावा आहे.

२. तांब्याच्या खाणीत सोनं आलं कुठून? ते डोळ्यांना दिसतं का?

दिसत नाही. जमिनीखाली शिलारस थंड होताना त्यातून बाहेर पडणारं अतिशय उष्ण पाणी आपल्याबरोबर तांबं, गंधक, सोनं असं बरंच काही घेऊन निघतं आणि आजूबाजूच्या खडकाच्या भेगांत सोडून जातं. अशा साठ्यांना पॉर्फिरी साठे म्हणतात. तांबं त्यात चाल्कोपायराइट आणि बोर्नाइट या गंधकयुक्त खनिजांच्या रूपात असतं. सोन्याचे कण याच खनिजांच्या पोटात किंवा त्यांना चिकटून असतात, आणि ते इतके बारीक की सूक्ष्मदर्शक लागतो.

ग्रासबर्गच्या दगडात ढोबळमानाने एका टनात १० किलो तांबं आणि एका ग्रॅमहून कमी, साधारण ०.७ ग्रॅम, सोनं असतं. जगातल्या बऱ्याच पॉर्फिरी खाणींत दोन्ही आकडे याहून बरेच कमी असतात. ग्रासबर्गच्या शेजारचा एर्ट्सबर्ग हा काळा डोंगर १९३६ मध्ये डच भूशास्त्रज्ञ जाँ जाक डोझी यांनी नोंदवला होता, आणि तिथे खाण आली ती तांब्यासाठी. ग्रासबर्गचा साठा हाती लागला तो त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९८८ मध्ये.

३. मग खाणीवरच सोनं तेवढं वेगळं काढून घेता येत नाही का?

मोठ्या, मोकळ्या कणांच्या रूपात असतं तर आलं असतं. काही खाणी तसे थोडे मोकळे कण गिरणीतच पकडतातही. पण बहुतेक सोनं तांब्याच्या खनिजाला धरून असतं, म्हणून त्याला तांब्याच्याच वाटेने जावं लागतं. ती वाट अशी. दगड फोडून गिरणीत पिठासारखा दळतात. त्या पिठाच्या पाण्यात खास रसायनं टाकून खालून हवा सोडतात. तांब्याच्या खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, बाकीचा दगड खाली राहतो. या प्रक्रियेला फ्लोटेशन म्हणतात. वर येणारा फेस पितळेच्या रंगाचा, किंचित हिरवट झाक असलेला आणि चकचकीत असतो. तो काठावरून ओसंडून पन्हळीत पडत असतो. तो वाळवला की कॉन्सन्ट्रेट तयार होतं, आणि त्यात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. सोनं याच फेसातून आलेलं असतं.

पुढे कॉन्सन्ट्रेट स्मेल्टरमध्ये वितळतं. त्याच्या जाड पत्र्यासारख्या लाद्या ओततात, त्यांना ॲनोड म्हणतात. ॲनोड विजेच्या टाकीत सोडले की तांबं विरघळून समोरच्या पत्र्यावर शुद्ध रूपात जमतं, आणि जे विरघळत नाही ते टाकीच्या तळाशी काळपट गाळ होऊन बसतं. तो ॲनोड गाळ. सोनं, चांदी, सेलेनियम सगळं त्यात असतं. सोनं सोनं म्हणून पहिल्यांदा वेगळं होतं ते इथे, खाणीपासून शेकडो किंवा हजारो किलोमीटरवर आणि काही आठवड्यांनी.

प्रयोगशाळेत आम्ही कॉन्सन्ट्रेटमधलं सोनं मोजायचो ती पद्धत फार जुनी आहे. तीसेक ग्रॅम नमुना शिशाच्या ऑक्साइडच्या भुकटीबरोबर वितळवायचा. शिसं सोनं-चांदी गोळा करून तळाशी बसतं. मग ते शिशाचं बटण हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत घालायचं. वाटी शिसं पिऊन टाकते आणि शेवटी खसखशीच्या दाण्याएवढा चकचकीत मणी उरतो. तोही बराचसा चांदीचाच. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळवली की सोन्याचा एक तपकिरी ठिपका राहतो, अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासचा. तो पहिल्यांदा तराजूवर ठेवताना मी श्वास रोखून धरला होता. हा ठिपका म्हणजे टनाला १५ ग्रॅम. अशा कॉन्सन्ट्रेटपासून स्मेल्टरने वर्षाला १ लाख टन तांबं केलं, तर त्यातून ६ टन सोनं येतं. पण ते ६ टन हवे असतील तर आधी १ लाख टन तांबं करावं लागतं.

४. भाव दुप्पट झाला तर खाणमालकाला सोन्यासाठी जास्त खणण्याचा मोह होणार नाही?

एका साधारण तांब्याच्या खाणीचा हिशोब करून बघू. आकडे समजण्यासाठी गोल घेतले आहेत. समजा एका टन दगडात ५ किलो तांबं आणि ०.१ ग्रॅम सोनं आहे. फ्लोटेशनमध्ये तांब्यापैकी ८८ टक्के हाती लागतं, म्हणजे ४.४ किलो. सोन्यापैकी ६० टक्के, म्हणजे ०.०६ ग्रॅम. तांबं किलोला ९ डॉलर धरलं तर त्याचे साधारण ४० डॉलर होतात. सोनं ग्रॅमला ८० डॉलर धरलं तर त्याचे ५ डॉलरही पुरते होत नाहीत.

आता सोन्याचा भाव दुप्पट करा. टनामागचं उत्पन्न ४५ वरून ५० डॉलरवर गेलं. तेवढीच वाढ तांब्याचा भाव फक्त १२ टक्क्यांनी वाढला तरी मिळते, आणि तांब्याचा भाव वर्षभरात एवढा खालीवर होतच असतो. सोन्याच्या बाजारात ज्या घटनेने सगळीकडे मथळे येतात, ती या खाणीच्या वहीत तांब्याच्या एका बऱ्या तिमाहीएवढी असते. त्या पाच डॉलरवर कोणी नवी गिरणी बांधत नाही.

ग्रासबर्गचा हिशोब वेगळा पडतो. तो प्रश्न १० मध्ये आहे.

५. निदान गिरणी जोरात चालवून थोडं जास्त काढता येईल ना?

गिरणी आधीच जोरात चाललेली असते. तांब्याच्या खाणीत सर्वांत जास्त भांडवल दळण्याच्या यंत्रांत अडकलेलं असतं. म्हणून ती दिवसरात्र चालतात आणि फक्त दुरुस्तीला थांबतात. ग्रासबर्गची गिरणी चांगल्या दिवसांत रोज साधारण २ लाख टन दगड दळते. सोन्याचा भाव वाढल्याने तो दोनाचा सव्वादोन लाख होत नाही.

एक छोटी जागा मात्र आहे. बी-हेवी मळीचं उदाहरण इथे कामी येतं. इथेनॉलला चांगला दर मिळाला की साखर कारखाना मळीत मुद्दाम थोडी साखर सोडतो. तेवढाच ऊस, पण वाटणी बदलली. तांब्याच्या गिरणीतही वाटणी किंचित बदलता येते. सोन्याचा काही भाग पायराइट या लोखंडाच्या खनिजाला चिकटलेला असतो. एरवी पायराइट मुद्दाम खाली दाबतात, म्हणजे कॉन्सन्ट्रेटमध्ये तांब्याचं प्रमाण चांगलं राहतं. सोनं महाग झालं की रसायनं थोडी बदलून थोडं पायराइटही वर येऊ देता येतं, आणि सोन्याची वसुली काही टक्क्यांनी वाढते. पण त्याबरोबर कॉन्सन्ट्रेट पातळ होतं, जहाजाचं भाडं आणि स्मेल्टरचा खर्च वाढतो, गंधकही जास्त जातं. काही टक्क्यांच्या पुढे ते परवडत नाही. गिरणीवरची माणसं हे करून बघतात, आणि तेवढ्यापुरता भावाला प्रतिसाद मिळतो. मला माहीत असलेला सर्वांत जलद प्रतिसाद हाच, आणि तो एवढाच.

६. खाणीतला जास्त सोनं असलेला भाग आधी का खणत नाहीत?

उघड्या खाणीत थोडंफार जमतं. कुठला टप्पा आधी आणि कुठला नंतर, यात थोडी हलवाहलव करता येते. पण तिथेही खालच्या दगडापर्यंत पोचण्यासाठी वरचा निरुपयोगी दगड आधी काढावा लागतो, आणि ते काम वर्ष-दोन वर्षं आधी सुरू झालेलं असावं लागतं.

ग्रासबर्ग आता उघडी खाण राहिलेली नाही. तिथे ब्लॉक केव्हिंग नावाची पद्धत आहे, आणि ती समजली की या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. साठ्याच्या तळाशी बोगद्यांचं जाळं खणतात. त्यावरचा दगडाचा थर सुरुंगांनी मोकळा करतात. आधार गेल्यावर वरचा शेकडो मीटर उंचीचा खडक स्वतःच्या वजनाने तुटत, ढासळत खाली येऊ लागतो. तळाशी नरसाळ्याच्या आकाराच्या पोकळ्या केलेल्या असतात. त्यांच्या तोंडांना ड्रॉ-पॉइंट म्हणतात. तिथून लोडर दगड उचलतात. पुढचा दगड गुरुत्वाकर्षणाने येतो. यात निवड करायला वाव नसतो. वर सोन्याचा चांगला पट्टा आहे म्हणून तो आधी ओढता येत नाही, आधी त्याच्या खालचा सगळा उचलावा लागतो.

एकाच ड्रॉ-पॉइंटमधून भरभर उचलणं धोक्याचं असतं. उचल समान ठेवावी लागते. एका ठिकाणी जास्त ओढलं की वरून नको तो दगड लवकर मिसळतो, बोगद्यांवर वजन असमान पडतं, वर पोकळी तयार होऊ शकते आणि पाण्याने भिजलेला बारीक चुरा त्या वाटेने खाली येऊ शकतो. म्हणून कुठून किती टन उचलायचे याचं वेळापत्रक रोज ठरतं, आणि ते सुरक्षिततेसाठी असतं. चढ्या भावाच्या लोभाने ते मोडणं हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे. भिजलेला चुरा घुसला की काय होतं, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

७. भाव चढताना सोनं उलट कमी झालं, असं खरंच कुठे घडलं आहे का?

घडलं आहे, आणि ग्रासबर्गमध्येच. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण हेच वाटतं.

२०१८ मध्ये उघड्या खाणीचे शेवटचे टप्पे चालू होते आणि त्या तळाच्या दगडात सोनं भरपूर होतं. त्या वर्षी ग्रासबर्गने साधारण २४ लाख औंस, म्हणजे ७५ टन सोनं दिलं. तेव्हा सोन्याचा सरासरी भाव औंसला १,२७० डॉलरच्या आसपास होता. २०१९ मध्ये उघडी खाण संपत आली आणि काम तिच्या खालच्या ब्लॉक केव्हकडे वळलं. दोन्ही एकत्र जोरात चालवता येत नव्हतं, कारण खालचा दगड ढासळवला की वरच्या खाणीचा तळच खचतो. सोनं एकदम साधारण २७ टनांवर आलं. त्या वर्षी सरासरी भाव १,४०० च्या जवळ गेला होता.

२०२० मध्ये सरासरी भाव १,७५० च्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये सोन्याने पहिल्यांदा २,००० डॉलर ओलांडले. ग्रासबर्गचं सोनं? पुन्हा २६-२७ टनच. त्याच वर्षी तिथलं तांबं मात्र आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाने वाढलं. आलेल्या दगडात तांब्याच्या मानाने सोनं कमी होतं. २०२१ मध्ये तांबं २०१८ च्याही पुढे गेलं, सुमारे ६ लाख टन. सोनं मात्र ४३ टनांच्या आसपास, म्हणजे २०१८ च्या निम्म्याहून थोडंच जास्त.

या चार वर्षांत कंपनीने आळस केला नव्हता. तिच्याकडे भांडवल होतं, साठा होता, भावही चांगला होता. उघड्या खाणीतून भूमिगत खाणीत जाण्याची तयारी कितीतरी वर्षं आधीपासून चालू होती आणि ती २०१९ मध्येच पुरी होणार होती. भाव तेव्हा कुठे असेल, याचा त्या वेळापत्रकाशी संबंध नव्हता. एखाद्याने फक्त सोन्याचा भाव बघून ग्रासबर्गच्या पुरवठ्याचा अंदाज बांधला असता, तर तो २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षं सलग चुकला असता.

८. २०२५ मधल्या अपघाताचा सोन्याच्या पुरवठ्यावर काय परिणाम झाला?

८ सप्टेंबर २०२५ रोजी ग्रासबर्ग ब्लॉक केव्हमध्ये सुमारे ८ लाख टन भिजलेला चुरा एका ड्रॉ-पॉइंटमधून अचानक घुसला आणि बोगद्यांत पसरला. सात कामगारांचा जीव गेला. त्यांचा शोध घेण्यासाठी खाण थांबवली गेली. कंपनीने करारातली जबाबदारी पाळता येत नसल्याची घोषणा केली, आणि २०२६ चं उत्पादन आधीच्या अंदाजापेक्षा साधारण ३५ टक्के कमी राहू शकतं असं सांगितलं. तांबं आणि सोनं दोन्ही.

त्यानंतर महिन्याभरातच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सोन्याने पहिल्यांदा औंसला ४,००० डॉलर ओलांडले. एवढा भाव असतानाही साठ्याचा सर्वांत मोठा भाग बंद होता. ब्लॉक केव्हला एकच तळ असतो. तो बिघडला की शेजारून दुसरी वाट काढून तोच दगड काढता येत नाही. चिखल उपसायचा, बोगदे तपासायचे, आधार पुन्हा बसवायचे आणि मग टप्प्याटप्प्याने, हळू उचलीने सुरुवात करायची. बिग गोसान आणि डीप एमएलझेड या शेजारच्या भूमिगत खाणींना इजा झाली नव्हती, त्यामुळे त्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाल्या. पण त्यांच्याने मुख्य केव्हची भरपाई होत नाही.

९. मग नव्या खाणी का उघडत नाहीत? भाव बरीच वर्षं चढा राहिला तर?

उघडतात, पण तांब्याच्या घड्याळाप्रमाणे. ग्रासबर्गच्याच परिसरातला कुचिंग लियार हा साठा घ्या. त्यात तांबंही आहे आणि सोनंही. साठा वर्षानुवर्षं माहीत आहे. गिरणी उभी आहे, बंदर आहे, रस्ता आहे, शेजारच्या बोगद्यांची व्यवस्था आहे. तरीही २०२२ च्या सुमारास काम सुरू करून उत्पादन २०३० च्या आसपास यावं, असा आराखडा आहे. सगळं तयार असताना आठ वर्षं. कोऱ्या जागी, जिथे परवानगी, वीज, पाणी आणि स्थानिक लोकांची संमती सगळंच पहिल्यापासून मिळवायचं आहे, तिथे हा काळ आणखी लांबतो.

आणि सुरुवात करण्याचा निर्णय घेताना कंपनी पुढच्या वीस-तीस वर्षांचा तांब्याचा भाव बघते. सोन्याच्या या वर्षीच्या भावावर तो ठरत नाही.

१०. ग्रासबर्गमध्ये सोन्याचं उत्पन्न एवढं मोठं असेल तर त्याला 'उप'उत्पादन म्हणणं चूक नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. प्रश्न ४ चाच हिशोब ग्रासबर्गच्या दगडावर करा. टनामागे ९ किलो तांबं हाती लागतं, त्याचे ८१ डॉलर. सोनं साधारण ०.५४ ग्रॅम, ग्रॅमला ८० डॉलरने ४३ डॉलर. ग्रॅमला १३० धरले तर ७०. म्हणजे सोनं तांब्याच्या जवळ येऊन पोचतं. अशा ठिकाणी काही विश्लेषक त्याला सहउत्पादन म्हणतात, आणि मला ते जास्त बरोबर वाटतं.

पण नाव बदललं तरी दगड एकच राहतो. सोन्याचं मोल वाढल्याने नव्या खाणीचा निर्णय सोपा होईल, सीमेवरचा गरीब दगड खणण्यालायक ठरेल. उद्या सकाळी गिरणीत जाणारा दगड मात्र तोच असेल. पुरवठा सावकाश राहतो तो या भौतिक कारणाने. सोन्याला मुख्य म्हणा किंवा उप म्हणा, त्याने यात फरक पडत नाही.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅडिया खाणीत सोनं मुख्य धरलं जातं आणि तांबं बरोबर येतं. तिथे सोन्याचा भाव निर्णयाच्या केंद्रस्थानी असतो. खाण मात्र ब्लॉक केव्हच्याच जातीची, त्यामुळे प्रश्न ६ मधल्या अडचणी तिलाही चुकत नाहीत.

११. भाव पडला तर हे सोनं कमी होतं का?

फारसं नाही, आणि लोक हा अर्धा भाग विसरतात. सोन्याचा भाव २०११ मध्ये १,९०० डॉलरच्या आसपास गेला आणि २०१५ च्या डिसेंबरात १,०५० पर्यंत उतरला. फक्त सोन्यावर जगणाऱ्या काही खाणी त्या काळात अडचणीत आल्या. तांब्याच्या खाणीला सोन्याच्या भावाने बंद पडायचं कारण नव्हतं. तिथलं सोनं महाग असो की स्वस्त, येत राहतं.

यामागे हिशोबाची एक पद्धत आहे. तांब्याच्या कंपन्या सोन्याचं उत्पन्न तांब्याच्या खर्चातून वजा करून दाखवतात. ग्रासबर्गमध्ये गेल्या काही वर्षांत हे वजा केल्यावर तांब्याचा रोख खर्च शून्याखालीही गेला आहे, म्हणजे सोन्याने सगळा रोख खर्च भरून वर शिल्लक ठेवली. अशी खाण तांब्याच्या मंदीतही चालू राहते. म्हणून महाग सोन्याचा एक परिणाम असा होतो की तांब्याचा पुरवठा मंदीत टिकतो. सोनं वाढवण्यापेक्षा ते तांब्याला तारून नेण्याचं काम जास्त करतं.

१२. तांब्याला मागणी वाढते आहे. मग सोनंही आपोआप वाढेल ना?

वाढेल, पण त्याच प्रमाणात नाही. कारण सगळ्या तांब्यात सोनं नसतं. काँगो आणि झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यात गाळाच्या खडकांतले साठे आहेत, त्यांत सोनं नगण्य असतं. अलीकडचं बरंचसं नवं तांबं तिथून येतं आहे.

दुसरी गोष्ट प्रक्रियेची. काही खाणींत दगडाचे ढीग रचून त्यावर सौम्य सल्फ्युरिक ॲसिड शिंपडतात, तांबं विरघळून खाली येतं आणि तिथल्या तिथेच विजेने शुद्ध पत्रा बनतो. स्मेल्टर लागत नाही. पण सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सोनं विरघळत नाही. ते ढिगातच राहतं. त्या वाटेने आलेल्या तांब्याबरोबर सोनं येणार नाही, भाव कितीही असो.

१३. कधी कधी सोनं निघतं, पण बाजारात येत नाही, असं होतं का?

होतं. सोनं कॉन्सन्ट्रेटमध्ये असतं, त्यामुळे कॉन्सन्ट्रेट अडकलं की सोनंही अडकलं. इंडोनेशिया सरकारने कच्च्या कॉन्सन्ट्रेटच्या निर्यातीवर बंधनं घातली, कारण प्रक्रिया देशातच व्हावी असं त्यांचं धोरण आहे. त्यासाठी ग्रेसिक इथे नवा स्मेल्टर बांधला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला आग लागली आणि तो सुरू व्हायला उशीर झाला. २०२५ च्या सुरुवातीचे काही आठवडे निर्यातीची परवानगीही नव्हती. खाण चालू, गिरणी चालू, आणि सोनं कॉन्सन्ट्रेटच्या ढिगात बसून.

आपल्याकडेही हीच साखळी आहे. गुजरातमधल्या दहेजचा हिंडाल्कोचा तांब्याचा कारखाना मुख्यतः आयात कॉन्सन्ट्रेटवर चालतो आणि ॲनोड गाळातून सोनं-चांदी काढतो. त्याचं सोनं किती निघणार हे मुंबईच्या झवेरी बाजारातल्या भावावरून ठरत नाही, कुठल्या खाणीचं कॉन्सन्ट्रेट जहाजात आहे यावरून ठरतं.

१४. मग भावाला पटकन प्रतिसाद कुठून येतो?

मोडीतून. जुने दागिने विकले जातात, बदलून घेतले जातात, आणि ते सोनं काही दिवसांत वितळून बाजारात येतं. जगाच्या वार्षिक पुरवठ्यात मोडीचा वाटा साधारण चौथा हिस्सा आहे. जळगावच्या किंवा कोल्हापूरच्या सराफाकडे भाव चढल्यावर पाटल्या मोडायला आलेली बाई पुरवठा ज्या वेगाने वाढवते, तो वेग कुठल्याही तांब्याच्या खाणीला जमणार नाही. पण तिच्याकडचा साठाही मर्यादित आहे, आणि भाव अजून चढेल असं वाटलं तर ती थांबते.

१५. एखाद्या खाणीचं सोनं वाढणार की घटणार, हे सामान्य माणसाने कसं ओळखावं?

तिमाही अहवालात तीन आकडे बघा. रोज किती टन दगड दळला, टनाला सोनं किती ग्रॅम, आणि त्यापैकी टक्के किती हाती लागलं. तिघांचा गुणाकार म्हणजे रोजचं सोनं. तांब्याच्या खाणीत पहिला आकडा क्षमतेपाशी अडकलेला असतो, तिसरा वर्षाकाठी एक-दोन टक्के हलतो. खरी उलथापालथ मधल्या आकड्यात होते, आणि तो खाणीच्या आराखड्यातून येतो. ग्रासबर्गच्या २०१८ नंतरच्या अहवालांत आधी मधलाच आकडा वाचायला हवा होता. त्या अहवालांत पुढच्या वर्षांचे अंदाजही दिलेले असतात, आणि उघडी खाण संपणार असल्याचं तिथे आधीच लिहिलेलं होतं.